डाव्या बाजूची दोन चाकं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूवर रंगाची पावडर मारून ती ओव्हनमध्ये भाजून पक्की करायचं युनिट आहे. रोजचं काम म्हणजे ग्रील, पलंग, लूमचे सुटे भाग. अलीकडे गाड्यांची अलॉय व्हीलंही बरीच येतात. एकदा जुळे सोलापुरातले एक डॉक्टर गाडीची चारही चाकं घेऊन आले. डावीकडची दोन फुटपाथला घासली म्हणून त्यांनी आधीच दुसरीकडून कोटिंग करून घेतली होती. आता उजवीकडची दोन त्याच रंगात हवी होती. शिवाय डाव्या दोन्ही चाकांच्या आतल्या कडेला बाक आला होता, तोही काढून हवा होता.

"खड्डा काही फार मोठा नव्हता," ते म्हणाले. "कोटिंगनं चाक कमजोर होतं का हो?"

नुसत्या बाकावरून काही सांगता येत नव्हतं. रस्त्याच्या कडेचे खड्डे डाव्या चाकांच्याच वाट्याला जास्त येतात. पण टायर उतरवल्यावर व्हॉल्व्हच्या भोकाजवळचा रंग मी नखानं खरवडला, तर पापुद्र्याखालून राखाडी राख निघाली. स्पोकच्या मागच्या कोपऱ्यातही तेच. जुना रंग केमिकलनं काढला असता तर राख राहिली नसती. तो जाळून काढला होता.

आमच्या धंद्यात जॉब टांगायच्या हुकांवर रंगाचे थर चढतात, तेव्हा ते सुमारे ४०० अंशांच्या भट्टीत जाळून साफ करतात. लोखंडाच्या हुकाला त्याचं काही वाटत नाही. अलॉय व्हीलची गोष्ट वेगळी. त्यात सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असलेलं ॲल्युमिनियम असतं. चाक ओतल्यावर कारखान्यात ते साधारण ५४० अंशांपर्यंत तापवून एकदम थंड करतात आणि मग १५०-१६० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. त्या वेळात धातूच्या आत मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिशय बारीक कण तयार होतात. चाकाची ताकद बऱ्याच अंशी त्या कणांची असते. तेच चाक ४०० अंशांत ठेवलं की कण एकमेकांत मिळून जाडे आणि विरळ होतात, धातू मऊ पडतो. वरून रंग कितीही झकास बसला तरी आतलं दिसत नाही.

डॉक्टरांनी रास्त प्रश्न विचारला : "मग तुमच्या ओव्हनमध्ये काय होतं?"

पावडर पिकायला धातू १८० ते २०० अंशांवर दहा ते वीस मिनिटं राहावा लागतो. हे कारखान्यातल्या त्या शेवटच्या तापमानापेक्षा जरा जास्तच आहे, म्हणून अजिबात फरक पडत नाही असं मी म्हणत नाही. पण एवढ्या थोड्या वेळात तो किरकोळ असतो. मात्र तेच चाक पुन्हा पुन्हा भाजू नये, कारण परिणाम साठत जातो. नुसता ओरखडा असेल तर साधा पीयू रंग मारावा, तो असा भाजावा लागत नाही, त्यामुळे धातूला धक्काच लागत नाही.

तरी अंदाजावर दोन चाकं बाद करणं मला पटेना. चारही चाकं जवळच्या टेस्टिंग लॅबमध्ये नेऊन हबजवळच्या जाड भागावर ब्रिनेल कडकपणा मोजून घेतला. उजव्या दोन्हींचा आकडा ८० च्या वर आला, डाव्या दोन्हींचा ५५ च्या आसपास. एकाच गाडीची, एकाच वेळी घेतलेली चाकं!

बाक काढायचं मी नाकारलं. मऊ पडलेला धातू सरळ करून दिला तर पुढच्या खड्ड्यात पुन्हा वाकणार, किंवा तडकणार. पुन्हा ५४० अंशांत घालून कडक करणं आमच्यासारख्याचं काम नाही, त्यात चाकाचा आकारच बिघडतो.

उजवी दोन मात्र केली. रंग स्ट्रिपरनं काढला, मग तडे बघायला लाल पेनेट्रंट मारून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर मारला. तडा असता तर तिथे लाल रेघ उमटली असती. ओरखडे उथळ होते, घासून निघाले. पुटी भरली नाही, कारण साधी पुटी ओव्हनमध्ये टिकत नाही. पावडरच्या आधी चाक रिकामंच भाजून घेतलं. ओतीव धातूतली हवा तेव्हाच निघून गेली नाही, तर ती नंतर रंगातून फुटून टाचणीएवढी भोकं पाडते.

नटांच्या बैठका आणि हबला टेकणारी बाजू मास्किंग करून कोरी ठेवली. डाव्या चाकांवर तिथेही जाड थर होता. असा थर नटाखाली दबत जातो, नट सैल होतात. मला तर रंग जाळण्याइतकीच ही गोष्टही गंभीर वाटते. म्हणून चाकं बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनं टॉर्क रेंचनं नट पुन्हा तपासून घ्या, असं डॉक्टरांना बजावलं.

त्यांनी डावीकडे दोन नवी चाकं घेतली. जुनी भंगारात देण्याआधी त्यांच्या संमतीनं मी ग्राइंडरनं दोन्हींच्या कडा आरपार कापल्या. रंग नवाकोरा होता, कुणीही हौसेनं गाडीला लावली असती.