‘हलका आहार’ लिहिलं आणि फसले

मुलाच्या आजारपणाची शाळेला द्यायची एका पानाची चिठ्ठी मी तीन वेळा लिहिली, आणि अजूनही आठवलं की डोकं फिरतं. आम्ही वेंगुर्ल्याकडचे. पाच दिवसांचे गणपती पोचवून झाले, पाहुणे गेले आणि शाळा उघडायच्या आदल्या रात्री आमच्या तिसरीतल्या चिरंजिवांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दवाखाना, ओआरएस, झिंकच्या गोळ्या हे सगळं सरळ झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. आमच्या सासूबाईंचा उपचार एकच होता : “तेका पेज घाल, दुसरा काय नको.” डॉक्टरांनीही पेजेला मान हलवली, म्हणून त्या आठवडाभर फुशारक्या मारत होत्या.

माझं घोडं अडलं ते शाळेत.

पहिली चिठ्ठी शेजारच्या मुलीबरोबर पाठवली. ‘मुलगा आजारी असल्याने शाळेत येऊ शकत नाही, तरी रजा मंजूर करावी.’ लहानपणी आमचे वडील लिहायचे तीच ओळ. संध्याकाळी निरोप आला, “बाईंनी विचारलंय, कसला आजार? की पाहुणे अजून गेले नाहीत?” मला राग आला. पण बाईंचंही चुकत नव्हतं म्हणा. गणपतीनंतर आठवडाभर आमच्याकडे निम्मा वर्ग ‘आजारी’च असतो, आणि माझ्या चिठ्ठीत आजाराचं नाव नव्हतं, तारखा नव्हत्या, डॉक्टरांचा कागदही जोडलेला नव्हता.

दुसरी चिठ्ठी तो परत जायच्या दिवशी दिली. या वेळी केसपेपरची झेरॉक्स जोडली, पोटाचा संसर्ग असं लिहिलं आणि शेवटी मोठ्या शहाणपणाने एक वाक्य टाकलं : ‘काही दिवस हलका आहार द्यावा.’ सगळा घोळ या वाक्याने केला.

दुपारी शाळेत भात आणि मटकीची उसळ होती. बाईंनी चिठ्ठी वाचून स्वयंपाकाच्या काकींना सांगितलं, “याला हलकंच वाढा.” काकींनी हलकं म्हणजे थोडं असं समजून दोन डाव भात आणि वर जरा उसळीचा रस वाढला. सहा दिवस पेजेवर काढलेलं पोर. ताट दोन मिनिटांत रिकामं झालं, आणखी मागायची लाज वाटली, आणि मधल्या सुट्टीत शेजारच्याने गणपतीतल्या करंज्यांचा डबा उघडला. त्याने किती खाल्ल्या ते मला कबुलीजबाबातून कळलं : तीन. शेवटच्या तासाला पोटात मुरडा आला, त्याने हात वर केला, तर “घंटा होईपर्यंत थांब.” पोर घरी आलं ते अर्ध्या वाटेवर रडतच.

मी तणतणत डॉक्टरांकडे. ते शांतपणे म्हणाले, “हलकं म्हणजे कमी नव्हे हो. उलट याला आता जास्त लागेल.” जुलाबात मुलाचं वजन उतरतं, ते भरून यायला दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यायचं. पचायला सोपं असावं, पण पोटभर. तिखट, तळलेलं, खूप गोड तेवढं टाळा. नुसत्या दुधाने त्याचं पोट घरी गुरगुरत होतं, तेही मी विचारलं. आतड्याचं अस्तर सोललं गेलं की दुधातली साखर पचवणारा रस काही दिवस कमी पडतो. एक आठवडा दूध थांबवा, दही-ताक चालेल, असं त्यांनी सांगितलं. आणि मुरडा आला म्हणून घाबरू नका, पण पुन्हा पातळ जुलाब, ताप, शौचात रक्त किंवा लघवी कमी होणं यातलं काही दिसलं तर लगेच आणा.

मग रात्री बसून तिसरी चिठ्ठी लिहिली. या वेळी ‘हलका’ हा शब्द कुठेही येऊ दिला नाही.

‘मा. वर्गशिक्षिका बाई, स. न. वि. वि. माझा मुलगा जुलाब-उलट्यांमुळे ता. ३ ते ८ गैरहजर होता. केसपेपरची प्रत आपल्याकडे दिली आहे. शेवटचा जुलाब ता. ६ च्या संध्याकाळी झाला. त्यानंतर पूर्ण दोन दिवस घरी ठेवून ता. ९ ला पाठवला. ता. १६ पर्यंत त्याला शाळेतला साधा भात, पातळ वरण किंवा कमी तिखटाची खिचडी पोटभर वाढावी, मागितल्यास पुन्हा वाढावी. मटकी-वाटाण्याची उसळ, दूध आणि वाढदिवसाची चॉकलेटं देऊ नयेत. उसळीच्या दिवशी तो घरून दहीभात आणि केळं आणील. दुसऱ्या मुलांच्या डब्यातलं त्याने घेऊ नये, आणि उकळलेल्या पाण्याची त्याची बाटली कुणाला देऊ नये. शौचाला जायचं म्हणाला तर लगेच सोडावं. पोट पुन्हा बिघडल्यास मला फोन करावा, मी दहा मिनिटांत येते.’

बाईंनी वाचली आणि म्हणाल्या, “हे पहिल्यांदाच लिहायचंत ना.” जिवावर आलं, पण हसले.

शेवटच्या जुलाबानंतर दोन दिवस घरी ठेवायचं ते इतर मुलांसाठी. पोर उड्या मारायला लागलं तरी शौचातून जंतू जातच असतात. म्हणून ती तारीख चिठ्ठीत मुद्दाम घातली, म्हणजे बाईंनाही कळतं की आपण उगाच घाईने पाठवलेलं नाही. झिंकच्या गोळ्यांचा उल्लेख मुद्दाम केला नाही. जुलाब थांबले तरी त्या चौदा दिवस पूर्ण द्यायच्या असतात, पण दिवसातून एकदाच, तेव्हा रात्री घरीच द्यायची. बाईंच्या डोक्याला तो ताप कशाला. आणि हो, अगदी सुरुवातीचं सांगायचं राहिलं : चिठ्ठी मुलाच्या दप्तरात टाकू नका. आमची पहिली शेजारच्या मुलीच्या हातून गेली आणि बाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायला तिथे कुणीच नव्हतं. स्वतः जा, आणि एक प्रत स्वयंपाकघरात द्या, कारण वाढणारं माणूस बाई नसतात.

काकींनी ती प्रत तांदळाच्या डब्यावर चिकटवली होती, हळदीचे डाग पडलेली मी स्वतः पाहिली. मंगळवारी खिचडी झाली तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी फोडणी पडायच्या आधी वेगळी काढून ठेवली. ता. १७ ला उसळ होती. काकींनी डाव हातात धरून आधी तारीख वाचली आणि म्हणाल्या, “सोळा झाली मां? आता घे.” दोन वाट्या खाल्ल्या त्याने.