राउंड रॉबिनचा गँट चार्ट: सरासरी जुळली म्हणून चार्ट बरोबर असतोच असं नाही

गणित आलं ते वहीतल्या तक्त्याच्या फोटोतून. फोटो तिरका होता आणि खालची ओळ कापलेली. राउंड रॉबिनमध्ये सीपीयू प्रत्येक प्रोसेसला पाळीपाळीने ठरावीक वेळ मिळतो, त्यामुळे एक आकडा चुकला की पुढचे सगळे चौकोन सरकतात, म्हणून मी आधी तक्ता नीट उतरवून घेतला. शंका होती ती P3 च्या बर्स्ट टाइमची, म्हणजे तिला सीपीयूचा एकूण किती वेळ लागतो त्याची: तो १ की ७? त्याच हातचा स्पष्ट ७ P1 च्या ओळीत होता. त्याच्याशी ताडून पाहिलं तर P3 च्या आकड्याला वरची आडवी रेघ नव्हती, म्हणजे १. कॉलमचे मथळेही पुसट होते, पण शून्य ज्या कॉलममध्ये आहे तो अरायव्हल टाइमचा, कारण शून्य बर्स्टची प्रोसेस इथे असण्यात अर्थ नाही. टाइम क्वांटम, म्हणजे एका पाळीत मिळणारा जास्तीत जास्त वेळ, मात्र कापलेल्या ओळीत होता आणि तो अंदाजाने धरता येत नाही. तेवढ्यासाठी दुसरा फोटो मागवला. क्वांटम ३ निघाला.

```
Process  AT  BT
P1       0   7
P2       2   4
P3       3   1
P4       6   5
```

आता गँट चार्ट, म्हणजे कोणत्या वेळी कोणती प्रोसेस चालली ते दाखवणारी चौकोनांची पट्टी. तो थेट काढायला घेतला की हमखास चूक होते, म्हणून मी शेजारी रेडी क्यूची, म्हणजे सीपीयूची वाट पाहणाऱ्या प्रोसेसच्या रांगेची, एक ओळ ठेवली आणि प्रत्येक चौकोन संपला की ती नव्याने लिहिली. P1 ० ते ३ चालली, ४ उरले. नेमक्या ३ या क्षणी दोन गोष्टी एकदम घडतात: P1 चा क्वांटम संपतो आणि P3 येते. रांगेत आधी कोण? नेहमीचा संकेत असा की नवी आलेली आधी, बाहेर काढलेली तिच्यामागे. म्हणून रांग P2, P3, P1 झाली. ६ ला पुन्हा तोच प्रसंग: P2 चा क्वांटम संपला आणि P4 आली. रांग P3, P1, P4, P2.

P3 ला एकच युनिट हवं होतं, ती ७ ला संपली. इथे पुष्कळजण क्वांटमची उरलेली दोन युनिटं रिकामी सोडून पुढची प्रोसेस ९ ला सुरू करतात. तसं करायचं नाही. सीपीयू लगेच P1 कडे जातो आणि तिला पूर्ण ३ चा नवा क्वांटम मिळतो. कॉन्टेक्स्ट स्विचचा, म्हणजे एका प्रोसेसवरून दुसरीवर जाण्याचा, वेळ दिलेला नव्हता, तो शून्य धरला.

```
| P1 | P2 | P3 | P1 | P4 | P2 | P1 | P4 |
0    3    6    7    10   13   14   15   17
```

शेवटचा आकडा १७ आणि बर्स्टची बेरीज ७ + ४ + १ + ५ = १७. मध्ये सीपीयू रिकामा राहिला नसेल तर हे जुळायलाच हवं.

टर्नअराउंड म्हणजे संपण्याची वेळ वजा येण्याची वेळ, आणि वेटिंग म्हणजे टर्नअराउंड वजा बर्स्ट. इथे उरलेला नव्हे, मूळ बर्स्ट वजा करायचा.

```
      CT  TAT  WT
P1    15  15   8
P2    14  12   8
P3    7   4    3
P4    17  11   6
```

सरासरी टर्नअराउंड ४२ / ४ = १०.५, सरासरी वेटिंग २५ / ४ = ६.२५.

वेटिंग मी चार्टवरून दुसऱ्या वाटेनेही मोजलं. P2 २ ला आली आणि ३ ला सुरू झाली, तिथे १ युनिट. मग ६ ते १३ रांगेत, ती ७. एकूण ८. फक्त पहिलं १ धरलं तर तो रिस्पॉन्स टाइम होतो, वेटिंग नाही. राउंड रॉबिनमध्ये प्रोसेस पुन्हा पुन्हा रांगेत जाते, म्हणून प्रत्येक खंड मोजावा लागतो.

खरी मेख पुढे आहे. ३ आणि ६ ला बाहेर काढलेली प्रोसेस आधी आणि नवी मागे ठेवली, तर चार्ट असा होतो:

```
| P1 | P2 | P1 | P3 | P2 | P4 | P1 | P4 |
0    3    6    9    10   11   14   15   17
```

P2 आता १४ ऐवजी ११ ला संपते, तर P3 ७ ऐवजी १० ला. एकीचे तीन कमी झाले, दुसरीचे तीन वाढले, आणि बेरीज पुन्हा ४२ व २५ च. सरासरी अगदी तीच! फक्त शेवटचं उत्तर ताडून पाहणाऱ्याला हा फरक कधीच दिसणार नाही, तो प्रत्येक प्रोसेसची ओळ वेगळी तपासली तरच दिसतो. म्हणून चार्टच्या वर मी एक वाक्य लिहून ठेवलं: ‘एकाच क्षणी आल्यास नवीन प्रोसेस आधी.’ प्रश्नात उलटा नियम दिला असेल तर दुसरा चार्ट बरोबर ठरेल.