सीटखालचा ॲक्टिव्ह सबवूफर, कंपनी स्टिरिओ: गेन, क्रॉसओव्हर आणि लेव्हल

वायरिंगचं काम संपलंय, आता सेटिंगची नोंद. गाडी पेट्रोल हॅचबॅक, स्टिरिओ कंपनीचाच टचस्क्रीन, त्याला आरसीए आउटपुट नाही. सबवूफर ८ इंची, ॲम्प आतच बसवलेला, ड्रायव्हर सीटखाली. सिग्नल मागच्या दारांच्या स्पीकर वायरींवरून हाय-लेव्हल इनपुटला घेतला आहे. पॉवर थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळ फ्यूज. अर्थ बॉडीच्या बोल्टवर, रंग खरवडून.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण त्यात स्टिरिओ जळतात. कंपनी स्टिरिओच्या स्पीकर वायरीतली निगेटिव्ह ही अर्थ नसते. दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मा डीसी व्होल्टेज असतो आणि आवाजाचा सिग्नल त्यावर उलटसुलट चालतो. त्यामुळे ती वायर कुठेही बॉडीला लावायची नाही. सबच्या हाय-लेव्हल इनपुटला चारही वायरी स्वतंत्र जातात.

आधी स्टिरिओची हद्द

गेन म्हणजे आवाज वाढवण्याचं बटण नव्हे. स्टिरिओकडून किती व्होल्ट आले की ॲम्पने पूर्ण ताकद द्यायची, हे गेन ठरवतं. म्हणून स्टिरिओ स्वच्छ असताना जास्तीत जास्त किती व्होल्ट देतो ते कळल्याशिवाय गेनला हात लावण्यात अर्थ नाही. एकदा स्टिरिओच फाटका सिग्नल देऊ लागला की पुढचा ॲम्प तेच फाटलेपण मोठं करून देतो, आणि गेन कमी केला तरी ते जात नाही.

मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. ५० हर्ट्झचा फुल लेव्हलचा, म्हणजे शून्य डीबीचा टोन पेनड्राइव्हवर वेव्ह फाइल म्हणून घेतला. ब्लूटूथवरून टोन वाजवू नये, फोनचा व्हॉल्यूम मध्ये येतो आणि मापाला भरवसा राहत नाही. ५० हर्ट्झच का, तर स्वस्त मीटर घरच्या विजेची फ्रिक्वेन्सी नीट मोजतात, एक किलोहर्ट्झवर त्यांचं रीडिंग भरकटू शकतं. बास आणि ट्रेबल शून्यावर, इक्वलायझर फ्लॅट, वेगानुसार आवाज वाढवणारी सेटिंग बंद, फेडर पूर्ण मागे. मागच्या दारांचे स्पीकर कनेक्टरमधून काढून ठेवले, नाहीतर या टोनने त्यांचे कोन मार खातात. इंजिन चालू ठेवायचं, कारण बॅटरी १२.४ व्होल्टवर असताना हद्द लवकर येते आणि १४ वर उशिरा. अर्थात हे उघड्या जागेत, बंद गॅरेजमध्ये नाही.

मीटर एसी व्होल्टवर ठेवून एका दाराच्या दोन वायरींमध्ये लावला. ४० पायऱ्यांच्या व्हॉल्यूमवर हे आकडे आले:

२४ वर ३.६ व्होल्ट
२६ वर ४.५
२८ वर ५.७
३० वर ७.२
३२ वर ८.२
३४ वर ८.७

३० पर्यंत दर दोन पायऱ्यांना आकडा सव्वापटीने चढतोय. त्या हिशेबाने ३२ वर ९ च्या आसपास यायला हवे होते, आले ८.२. तिथे लाटेची टोकं छाटली जायला लागली. म्हणून या गाडीची हद्द ३०. स्पीकर जोडल्यावर ती किंचित खाली येते, त्यामुळे रोजच्या वापरात २९ च्या वर जायचं नाही.

याच बैठकीत आणखी एक माप घेतलं, आणि ते पुढे लेव्हल लावताना फार उपयोगी पडलं. व्हॉल्यूम १४ वर ५० हर्ट्झला १.६ व्होल्ट आणि २०० हर्ट्झला १.१. व्हॉल्यूम ३० वर मात्र ७.२ आणि ७.१. म्हणजे मेनूत सगळं शून्यावर असूनही कमी आवाजात हा स्टिरिओ स्वतःहून साधारण ३ डीबी बास वाढवतो आणि वर जाताना काढून घेतो. कंपनी स्टिरिओमध्ये हे बऱ्याचदा असतं, दारांचे छोटे स्पीकर वाचवायला. मोजल्याशिवाय लक्षात येत नाही.

गेन

सबवर बास बूस्ट शून्य, क्रॉसओव्हरचा नॉब सर्वांत वर म्हणजे टोन त्याच्यात अडकणार नाही, आणि वायरवाला बास रिमोट पूर्ण उघडा. शेवटची गोष्ट बरेच जण विसरतात. बहुतेक रिमोट फक्त आवाज कमी करतात. तो अर्धा ठेवून गेन लावला आणि नंतर कुणी पूर्ण फिरवला, तर ॲम्प थेट हद्दीपलीकडे जातो.

आता टोन बदलला: ५० हर्ट्झच, पण उणे ५ डीबीचा. गाण्यांमध्ये बास सतत फुल लेव्हलला नसतो. शून्य डीबीच्या टोनने लावलेला गेन त्यामुळे गाण्यात लेचापेचा वाटतो. उणे ५ ने थोडी मोकळीक मिळते, आणि क्वचित एखादा ठोका छाटला गेला तरी तो क्षणभराचा असतो.

स्टिरिओ ३० वर, गेन पूर्ण खाली, आणि तिथून हळूहळू वर. वेगळा ॲम्प असता तर त्याच्या स्पीकर टर्मिनलवर व्होल्ट मोजून थांबता आलं असतं, पण सीटखालच्या सबमध्ये ते टर्मिनल आत बंद असतात. इथे कानच वापरावे लागतात. टोन एका वेळी पाच-सात सेकंदांहून जास्त वाजवायचा नाही, व्हॉइस कॉइल तापते.

कान द्यायचा तो नेमका कशाला? स्वच्छ ५० हर्ट्झ म्हणजे गोल, एकसंध घुमार. ॲम्प छाटायला लागला की त्या घुमारावर एक बारीक करकर चढते, जणू वरच्या पट्टीत दुसरा सूर मिसळलाय. कोन टोकाला जाऊन आपटत असेल तर करकर नसते, टक-टक असा कोरडा ठोका येतो. आणि सीटची रेल किंवा प्लास्टिक थरथरत असेल तर त्यावर हात दाबला की आवाज थांबतो. या तिन्हींत गफलत झाली की गेन विनाकारण खाली राहतो किंवा धोकादायक वर जातो. इथे करकर दीडच्या खुणेला आली. नॉब तिथून थोडा मागे, घड्याळात साडेअकराच्या जागी ठेवला आणि मार्करने खूण केली.

गेन याच्या पुढे नेला तर जास्त पॉवर मिळेल, हा समज सोडून द्यायला हवा. या सबच्या खोक्यावर मोठा आकडा छापलाय, पण फ्यूज १५ अँपिअरचा आहे. १३.८ व्होल्टला ते २०७ वॉट झाले, आणि ॲम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तरी सतत मिळणारी पॉवर साधारण १६५ वॉटच्या वर जाऊ शकत नाही. वरचा गेन फक्त छाटलेली लाट देतो, आणि मग प्रोटेक्शनचा लाल दिवा लागून सब बंद पडतो.

क्रॉसओव्हर आणि फेज

कंपनीच्या दारांच्या स्पीकरना हाय-पास नाही, ते सगळं वाजवत राहतात. त्यामुळे सबचा नॉब कितीही नीट लावला तरी मध्ये दोघांचा एक पट्टा सामायिक राहतोच. प्रश्न तो किती रुंद ठेवायचा एवढाच.

फोनमधलं डेसिबल ॲप हेडरेस्टला टेकवून ५०, ६३, ८०, १०० आणि १२५ हर्ट्झचे टोन वाजवले, आधी सब बंद, मग चालू. फोनचा माइक खालच्या फ्रिक्वेन्सीला खरा आकडा देत नाही, पण त्याच टोनवर सब चालू-बंद केल्यावरचा फरक तो बरोबर दाखवतो, आणि आपल्याला फरकच हवा आहे. दारं ८० पर्यंत तग धरतात, ६३ ला गळतात. नॉब १०० वर असताना सबने ८० आणि १०० या दोन्हींवर बरीच भर घातली, आणि तीच ती बोंब, जिला लोक ‘बास जास्त झाला’ म्हणतात. ७० वर आणल्यावर १०० ची भर जवळपास गेली, ५० आणि ६३ ची राहिली. नॉबवरच्या आकड्यांवर मात्र फार विसंबू नये, छापील ७० प्रत्यक्षात ८० ही निघू शकतं.

मग फेज. ८० हर्ट्झचा टोन, ड्रायव्हर सीटवरचं माप. सब बंद: ८२ डीबी. सब चालू, फेज शून्य: ८०. फेज १८०: ८६. सब चालू केल्यावर आवाज कमी होतोय म्हणजे दार आणि सब एकमेकांना खोडतायत. उत्तर सरळ आहे, १८०. हे न तपासता लेव्हल लावणारे गेन चढवत बसतात आणि तरीही बासला दम येत नाही. क्रॉसओव्हर हलवला की फेज पुन्हा तपासायचा, कारण फिल्टरही फेज सरकवतो.

कानाने पडताळायला तबल्याचं स्वच्छ रेकॉर्डिंग उत्तम. डग्ग्याचा घुमार आणि तबल्याची चाट दोन्ही समोर, डॅशबोर्डवर एका जागी ऐकू यायला हवेत. चाट समोर आणि डग्गा मांडीखाली वाटला तर क्रॉसओव्हर अजून वर आहे. पुरुष गायकाचा खर्ज सीटखालून आला तरी निदान तेच.

लेव्हल

आता गेनला हात लावायचा नाही. रोजचा बास रिमोटवरच. फेडर मध्यावर आणला आणि तिथेच ठेवायचा: सिग्नल मागच्या दारांवरून घेतल्यामुळे फेडर पुढे सरकवला की सबचाही आवाज उतरतो.

व्हॉल्यूम १४ वर लेव्हल लावली तर फसगत होते, कारण तिथे स्टिरिओ ३ डीबी स्वतःच घालतोय. म्हणून नेहमीच्या २२ वर लावली. रिमोट शून्यापासून वर नेत, सब आहे हे बंद केल्यावरच कळेल इथे थांबवला. ही उभ्या गाडीची खूण, साधारण अर्ध्यावर. ८० च्या वेगाला टायर आणि रस्त्याचा आवाज नेमका खालचाच पट्टा झाकतो, तिथे तीच गाणी बासाविना वाटतात. एक्सप्रेसवेसाठी दुसरी खूण पाऊण फेरीवर केली आहे. रिमोट पूर्ण उघडला तरी स्टिरिओ ३० च्या आत आहे तोवर ॲम्प सुरक्षित आहे, कारण गेन तसाच लावलाय.

आरपीएमबरोबर चढणारी शीळ ऐकू येत नाही, म्हणजे अर्थ ठीक. जोरदार बासात बॅटरी आणि सबच्या टर्मिनलमधला फरक ०.३ व्होल्ट.

राहिलेलं काम: पुढच्या दारांना ४७० मायक्रोफॅरडचे नॉन-पोलर कपॅसिटर. ४ ओहमला ते सुमारे ८५ हर्ट्झच्या खालचं कमी करतील आणि दारांची थरथर जाईल. मागे लावायचे झाले तर सबच्या टॅपनंतर, स्पीकरच्या बाजूला, नाहीतर सबचाच बास कापला जाईल. ते बसले की ८० हर्ट्झची फेज चाचणी पुन्हा पहिल्यापासून.