त्याचं सिकल, तिचा थॅलेसेमिया

"मॅडम, माझं सिकल आहे, तेही नुसतं वाहक. थॅलेसेमिया हिला. दोन्ही आजार वेगळे, मग बाळाला काय होणार?" नवऱ्याने सिकलसेलचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवत विचारलं. विदर्भात समुपदेशन करताना हा प्रश्न मला नवा नाही.

तिला अकरावा आठवडा होता. हिमोग्लोबिन 10.6 म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होत्या. पण सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, 64 होता, नेहमीपेक्षा बराच लहान; आणि लाल पेशी 54 लाख. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, पण त्यांची संख्या सहसा वाढत नाही. इथे लहान पेशींचा सुकाळ होता. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत हिमोग्लोबिन ए-टू 5.3 टक्के निघालं, म्हणजे बीटा थॅलेसेमियाची वाहक. साधारण 3.5च्या वर गेलं की आम्ही तसंच धरतो.

नवऱ्याचा एमसीव्ही 86, अगदी नॉर्मल. नुसत्या सीबीसीवर कुणीही त्याला "काही नाही, जा" म्हणून सोडलं असतं. एचपीएलसीत मात्र सिकलचं हिमोग्लोबिन एस 36 टक्के होतं.

कागदावर दोघांची दोन-दोन जनुकं काढली. सिकल आणि बीटा थॅलेसेमिया, दोन्ही बिघाड एकाच बीटा ग्लोबिन जनुकातले. प्रत्येक पालकाकडे एक चांगलं, एक बिघडलेलं. बाळाला वडिलांचं सिकलवालं आणि आईचं थॅलेसेमियावालं मिळालं, तर धड जनुक उरतच नाही; ही शक्यता चारात एक. त्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात: हाडं-सांध्यांच्या असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवार संसर्ग. जन्मताना बाळ ठणठणीत दिसतं, कारण तेव्हा गर्भातलं हिमोग्लोबिन काम करत असतं. ते ओसरलं की काही महिन्यांनी त्रास डोकं वर काढतो.

"चारात एक, म्हणजे पहिलं असं निघालं तर पुढची तीन सुटली?" त्याने विचारलं. नाही. दर गरोदरपणात नाणं नव्याने उडतं.

आधी दोघांचा डीएनए तपासला, कारण नेमका बिघाड कळल्याशिवाय बाळात शोधायचं काय? तिच्यात आयव्हीएस 1-5 निघाला, भारतात सर्वाधिक आढळणारा. बाराव्या आठवड्यात वारेचा लहानसा तुकडा घेतला. गर्भपाताचा धोका थोडा असतो, तो सांगूनच सही घेतली. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना, हेही लॅबने पाहिलं, नाहीतर बाळाचा म्हणून आईचाच रिपोर्ट हाती यायचा.

बाळाला वडिलांचं चांगलं आणि आईचं बिघडलेलं जनुक मिळालं होतं. आईसारखंच, वाहक. ती रडली, नवरा रिपोर्ट उलटसुलट करून पाहत राहिला. मी तिच्या धाकट्या बहिणीचं विचारलं, तिचं लग्न ठरत होतं. तिची आणि मुलाचीही एचपीएलसी करा म्हटलं. शिबिरातल्या सिकलच्या झटपट सोल्युबिलिटी टेस्टवर थांबू नका, तिच्यात थॅलेसेमिया दिसत नाही.