अंगठ्याखालचा क्लेफ

"सर, नुसत्या फोटोवरून पट्टी न् ताल कसा सांगता हो तुम्ही? त्यात ना शब्द, ना सारेगम. नुसती मुंग्यांची रांग दिसते मला."

नाशिकच्या गंगापूर रोडवर मी मुलांना कीबोर्ड शिकवतो. मुलांपेक्षा त्यांच्या घरच्यांचे मेसेज जास्त येतात, आणि त्यातले निम्मे असल्या फोटोंचे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण पाच रेषांवरचं सगळं स्टाफ नोटेशन शिकवायला बसत नाही. एकच फोटो घेतो. गेल्या पावसाळ्यात आलेला, आणि चांगलाच वाईट काढलेला.

पंचवटीतल्या एका काकूंचा. त्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. नातू माझ्याकडे येतो. त्याच्या पुस्तकातली धून पेटीवर बसवून त्याला साथ करायची, असं त्यांच्या मनात होतं. नातवानं त्यांना एक सूत्र सांगून टाकलं होतं: सी म्हणजे सा, डी म्हणजे रे. त्याप्रमाणे त्यांनी वाजवून पाहिलं. त्यांचा निरोप असा: "सूर लागतायत, पण तिसऱ्या घरात काहीतरी खमाज रागासारखं होतंय. असं असेल का हे?"

फोटोत दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीच्या सुरुवातीवर काकूंचा अंगठा. दुसऱ्या ओळीची सुरुवात फोटोच्या चौकटीबाहेर. वर ट्यूबलाइटची चमक.

म्हणजे क्लेफच गायब. क्लेफ ही ओळीच्या अगदी डावीकडची नक्षीदार खूण. तिच्याशिवाय पाच रेषांना नावंच नसतात. ट्रेबल क्लेफचं वेटोळं खालून दुसऱ्या रेषेभोवती फिरतं आणि सांगतं की ही रेषा जी. बेस क्लेफचे दोन ठिपके खालून चौथ्या रेषेच्या वर-खाली बसतात आणि सांगतात की ही रेषा एफ. त्याच जागेवरचा तोच काळा गोळा एका क्लेफमध्ये एक स्वर असतो, दुसऱ्यात दुसराच. मग अंगठ्याखाली काय असेल ते कसं ओळखायचं?

अंगठ्याच्या नखापाशी एक शार्प, म्हणजे स्वर अर्ध्या पायरीनं चढवणारी खूण, दिसत होता, सर्वांत वरच्या रेषेवर. तेवढा पुरला.

क्लेफनंतर येणाऱ्या शार्पच्या, किंवा उलट स्वर उतरवणाऱ्या फ्लॅटच्या, खुणांना की सिग्नेचर म्हणतात. त्या मनाला येईल तशा मांडत नाहीत, त्यांचा क्रम ठरलेला असतो. शार्प असतील तर पहिला नेहमी एफचा, मग सीचा, मग जीचा, असं पुढे. एकच शार्प असेल तर तो एफचाच, दुसरा कुणाचा असूच शकत नाही. आता ट्रेबल क्लेफमध्ये सर्वांत वरची रेषा एफची असते. बेस क्लेफमध्ये तीच रेषा एची, आणि एफचा शार्प तिथे वरून दुसऱ्या रेषेवर छापतात. काकूंच्या फोटोत शार्प वरच्याच रेषेवर, म्हणजे अंगठ्याखाली ट्रेबल क्लेफ. फ्लॅटचंही असंच आहे. पहिला फ्लॅट बीचा. ट्रेबलमध्ये तो मधल्या रेषेवर बसतो, बेसमध्ये खालून दुसऱ्या रेषेवर.

एक शार्प म्हणजे दोन शक्यता: जी मेजर किंवा ई मायनर. पेटीवाल्यांच्या भाषेत, सा पांढरी पाचवर असेल आणि सगळे स्वर बिलावल थाटाचे, नाहीतर सा पांढरी तीनवर आणि थाट आसावरीचा. की सिग्नेचर दोन्हींची सारखीच असते, त्यामुळे नुसत्या खुणेवरून यातली एक निवडता येत नाही. मी आधी शेवटचा स्वर पाहतो. दुसऱ्या ओळीच्या टोकाला जी होता, एकटा आणि लांब. शिवाय ई मायनरमध्ये डीच्या आधी मधेच शार्प छापलेला बहुतेक वेळा सापडतो, कारण वरच्या साला जाताना पाश्चात्त्य कानाला शुद्ध नी हवा असतो. इथे तसा एकही नव्हता. म्हणून जी मेजर, पांढरी पाच.

काकूंना खमाज का ऐकू आला तेही इथेच कळतं. नातवाच्या सूत्रात एफ म्हणजे म, आणि तो त्यांनी शुद्ध म, म्हणजे पांढरी चार, असा वाजवला. पण ही धून कानात बसते ती जीला सा धरून. जीला सा धरलं की पांढरी चार होते कोमल नी. बिलावलात कोमल नी आला की खमाजाचा वास येणारच! काकूंचा कान अचूक होता, चूक सूत्रात होती. ओळीच्या सुरुवातीला एकदा छापलेला तो शार्प त्या ओळीतल्या प्रत्येक एफला लागू असतो, मग तो वरचा असो की खालचा. स्वराजवळ पुन्हा काही छापत नाहीत, आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला खूण परत येते. काकूंच्या फोटोत दुसऱ्या ओळीची ती खूण कापली गेली होती, त्यामुळे त्या ओळीत शार्प नाहीच असं त्यांना वाटलं होतं.

आता ताल. टाइम सिग्नेचरमध्ये दोन आकडे एकावर एक असतात. वरचा ३ स्पष्ट होता, खालच्यावर ट्यूबलाइटचा पांढरा डाग. दुसरी ओळ इथे कामाची नाही, कारण टाइम सिग्नेचर पहिल्याच ओळीवर छापतात, प्रत्येक ओळीवर नाही. (मधल्याच ओळीचा फोटो पाठवून ताल विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) अशा वेळी दोन उभ्या रेघांमधल्या घराची, म्हणजे बारची, बेरीज करायची. पहिल्या बारमध्ये एक क्रॉचेट होता, म्हणजे भरीव गोळ्याला साधी काडी, किंमत एक मात्रा. मग चार क्वेव्हर, प्रत्येकी अर्धी मात्रा. एकूण तीन मात्रा.

पण थांबा. सहा अर्ध्या मात्रा म्हणूनही तेच भरतं. मग हे ३ वर ४ की ६ वर ८? फोटोत वरचा आकडा ३ दिसतोय हे खरं, पण चमक पडलेल्या फोटोत ६ चा ३ झालेला मी पाहिला आहे. याचा निवाडा क्वेव्हर जोडणाऱ्या जाड आडव्या पट्टीवरून होतो, तिला बीम म्हणतात. ६ वर ८ आपल्या दादऱ्यासारखा चालतो, तीन आणि तीन, त्यामुळे तिथे क्वेव्हर तिना-तिनांच्या गटात बांधलेले दिसतात. ३ वर ४ मध्ये दोन-दोनचे तीन ठोके, आणि गट दोनाचे नाहीतर चाराचे. काकूंच्या फोटोत एकट्या क्रॉचेटमागे चारांचा एकच गट होता. तीनाच्या कप्प्यांत तो बसतच नाही. ३ वर ४ पक्कं.

इथवर आलो तेव्हा मला धून ओळखू आली होती, आणि मला याचीच भीती वाटते. ओळखीची चीज समोर आली की डोळा कागद वाचत नाही, आठवण वाचतो. ही धून म्हणजे जर्मन संगीतकार बाखनं बायकोसाठी १७२५ साली सुरू केलेल्या वहीतला जी मेजर मिन्युएट. बरीच वर्षं ती बाखचीच मानली जायची, आता ती क्रिस्टियान पेटसोल्डची मानतात. मुलांच्या पुस्तकांतून ती सोपी करून छापतात, प्रत्येक पुस्तकात जरा वेगळी. म्हणून माझ्या डोक्यातली धून बाजूला ठेवली आणि फोटोतलीच एकेक घर करून लिहिली. सा पांढरी पाच धरून पहिल्या ओळीची आठ घरं अशी:

प, सारे गम। प, सा, सा। ध, मप धनी। सां, सा, सा।
म, पम गरे। ग, मग रेसा। मंद्र नी, सारे गसा। रे…

स्वल्पविरामांमधला एकटा स्वर एक मात्रेचा, जोडीतला अर्ध्या मात्रेचा. गायक विष्णू दिगंबर पलुसकरबुवांनी शेवटची वर्षं नाशकातच काढली. काकू वाचतात त्या त्यांच्या स्वरलिपीत मात्रेची खूण स्वराच्या खाली येते. त्यामुळे काकूंना स्वर आणि त्याची लांबी वेगवेगळी वाचायची सवय होतीच. स्टाफवर दोन्ही गोष्टी एकाच गोळ्यात असतात: किती उंचीवर बसलाय त्यावरून स्वर, पोकळ की भरीव आणि काडीला काय लागलंय त्यावरून लांबी. फोटो खराब असेल तर उंची सहसा वाचते आणि लांबी मरते.

आठव्या बारमध्ये तेच झालं होतं. तिथे एकच स्वर, ए, म्हणजे रे. गोळा पोकळ, काडीसकट: मिनिम, दोन मात्रा. पण घर तीन मात्रांचं आहे आणि विरामाची खूण कुठेही नाही. एक मात्रा गेली कुठे? फोटो मोठा करून पाहिला. गोळ्याच्या उजवीकडे करड्या रंगाची एक अंधूक छटा होती. तो डॉट. व्हॉट्सॲपवर येताना फोटो दाबला जातो आणि सगळ्यांत आधी असले ठिपके विरघळतात. डॉट स्वराची लांबी निम्म्यानं वाढवतो, दोनाचे तीन होतात, आणि घर भरतं.

याच्या उलट फसवणूक दुसऱ्या बारमध्ये. तिथेही क्रॉचेटच्या उजवीकडे ठिपका होता, चांगला ठसठशीत. तो डॉट मानला तर घरात साडेतीन मात्रा होतात. म्हणजे ती कागदावरची घाण, किंवा नातवाच्या पेनाचा डाग. गोळ्याच्या बरोबर वर किंवा खाली असलेला ठिपका मात्र वेगळा, तो स्वर तोडून वाजवायची खूण आहे, लांबीत त्याला धरायचं नाही.

एकच घर अपुरं असेल तर फोटोवर संशय घ्यावा. पण पहिलंच घर अपुरं असेल तर आधी शेवटचं घर पाहावं. बऱ्याच धुना समेच्या आधी उचलतात, आणि उचललेल्या मात्रा शेवटच्या घरातून वजा करतात. दोन्ही मिळून पूर्ण घर होत असेल तर काहीही बिघडलेलं नाही. ते न पाहता मी एकदा एका मुलीच्या वहीत नसलेला विराम लिहून दिला होता आणि तिनं तो महिनाभर इमानानं वाजवला.

लय मात्र अशा फोटोवरून मला सांगता येत नाही. ३ वर ४ म्हणजे तीन मात्रांची घरं, एवढंच. ती किती जलद, हे वर शब्दात किंवा आकड्यात छापलेलं असेल तरच कळतं, आणि काकूंनी वरचा भाग कापला होता.

काकूंना मी सरगम पाठवली आणि लिहिलं, पांढरी पाच, नी शुद्ध. संध्याकाळी त्यांनी वाजवून पाठवलं. मागे नातू मोठ्यानं "वन टू थ्री" मोजत होता, बराच पुढे जाऊन.

दोन दिवसांनी डाव्या हाताच्या सरावाच्या पानाचा फोटो आला. अंगठा पुन्हा जागच्या जागी. खाली काकूंनी लिहिलं होतं: "सर, यावेळी ती जाळी वरून दुसऱ्या रेषेवर आहे. म्हणजे खालचे स्वर ना? मी पेटीचं डावीकडचं सप्तक धरलंय."

बरोबर धरलं होतं. फक्त जाळीला शार्प म्हणतात, तेवढं कळवलं.