नानकटाईचा बॉक्स छापताना: माझा अनुभव

‘ताई, स्क्रीनवर बघून ओके द्या की, अगदी तसंच छापून येतंय.’ हे वाक्य छापखान्यात इतक्यांदा ऐकलंय की आजही आठवलं तरी डोकं तापतं. तसंच छापून येत नाही. तपकिरी क्राफ्ट कागदावर तर नाहीच नाही.

जुळे सोलापुरात घरातूनच बिनअंड्याची ज्वारीची नानकटाई, शेंगदाण्याची बिस्किटं आणि चहासोबतचा साधा केक करून विकते. परवाना, बॉक्सची मापं, लेबलवरचा मजकूर हे सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोळ झाला तो रंगात.

रंग ठरवायला मी स्टेशनरीच्या दुकानातून रंगीत कार्डशीटचे तुकडे आणले आणि दिवसा, खिडकीपाशी, प्रत्येकावर एकेक नानकटाई ठेवून बघितली. पिवळ्यावर ती एकदम फिकी पडली, भट्टीतून लवकर काढल्यासारखी. कारण सरळ आहे. तिचा स्वतःचा रंग पिवळसरच, आणि शेजारी जास्त गडद पिवळा आला की तिच्यातला पिवळेपणा डोळ्याला जाणवत नाही. निळ्यावर ती सगळ्यात खरपूस दिसली, पण घरात सगळ्यांचं एकच मत पडलं की हा धुण्याच्या पावडरचा पुडा वाटतोय. गडद पानाच्या हिरव्यावर मात्र तिची तांबूस कड उठून आली, वरचा पिस्त्याचा काप ताजा वाटला. मरून रंग नानकटाईला चालला, पण बिस्किटं त्यात बुडून गेली. म्हणून हिरवाच ठरला.

पण हिरवा बाहेरून. हे नीट लक्षात घ्या, कारण बॉक्स उघडल्यावर आतल्या भिंतींवरून उजेड उसळून पदार्थावर पडतो. आतून हिरवा कागद लावून बघितला तर फिक्या केकवर हिरवट झाक आली, आणि केकवर हिरवट म्हटलं की माणसाला बुरशीच आठवते. पांढराशुभ्र कागदही मला पटला नाही. त्या शुभ्र कागदांत चकाकी आणणारं रसायन असतं, त्यामुळे दिवसाच्या उजेडात ते निळसर मारतात आणि शेजारची नानकटाई मळकी दिसते. स्वस्त डुप्लेक्स बोर्डाची आतली बाजू राखाडी असते, तिथे तर कालचाच माल वाटतो. आत साय-रंगाचा बटर पेपर घातला तेव्हा जीव भांड्यात पडला. त्याचा दुसरा फायदा म्हणजे तूप कागदातच अडतं. सोलापूरच्या मे महिन्यात नुसत्या क्राफ्टवर तुपाचे काळपट डाग पसरतात, मग बाहेर कुठलाही रंग लावा, बॉक्स शिळाच दिसणार.

आता छापखाना. क्राफ्टचे तपकिरी बॉक्स मला हवे होते, आणि त्यावर हिरवी पट्टी, पिवळ्या ज्वारीच्या कणसाचं चित्र, नाव आणि शाकाहाराचं चिन्ह. संगणकावर सुंदर दिसत होतं. मी म्हटलं, याच कागदावर एक नमुना काढून द्या. तर उत्तर ठरलेलं, स्क्रीनवर ओके द्या. नंतर एकदा फोन आला, ‘नमुना तयार आहे.’ धावत गेले, तर हातात चकचकीत आर्ट पेपर! पांढऱ्या कागदावरचा झळझळीत हिरवा दाखवून तपकिरी कागदाबद्दल काय कळणार? ‘रंग हाच येणार,’ म्हणे.

आमच्या शेजारचे काका चादरींच्या डाईंगमध्ये शेड जुळवायचं काम करायचे. ते कागद हातात घेऊन म्हणाले, ‘अगं, रंग कधी एकटा नसतो. कापड पिवळट असेल तर आकाशी रंग हिरवट होणारच.’ छपाईतही तेच आहे. ऑफसेटची, म्हणजे छापखान्यातल्या नेहमीच्या प्लेटवरच्या छपाईची शाई पारदर्शक असते, आणि निळी, किरमिजी, पिवळी, काळी या तिच्या चार शायांमध्ये पांढरी शाई नसतेच. चित्रात जिथे पांढरं किंवा फिकं दिसतं, तो कागदाचा पांढरेपणा असतो. कागदच तपकिरी म्हटल्यावर पिवळ्याची मोहरी होते, पोपटी शेवाळी होतो, गुलाबी विटकरी होतो. गडद रंग तेवढे तग धरतात.

आणि माझी खरी चिंता त्या छोट्या चिन्हाची होती. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकोनात हिरवा गोल लागतो. अंडं असलं तरी पदार्थ मांसाहारीत मोजतात आणि त्यावर तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण येतो. आता तपकिरी कागदावर हिरवा गोल मातकट छापून आला, तर काउंटरच्या पलीकडून कोण आकार बघत बसणार? माझी निम्मी गिऱ्हाइकं अंडं न खाणाऱ्या घरांतली आहेत. ‘यात अंडं आहे का ओ?’ हा प्रश्न माझा बॉक्सच उभा करणार असेल तर तो बॉक्स काय कामाचा!

हे सगळं छापखान्यात सांगितलं, तर ‘एवढ्याशा ठिपक्यासाठी ताई तुम्ही...’ असं म्हणून हसले. नमुन्यासाठी चार प्लेटा काढाव्या लागतात, मशीन लावताना कागद वाया जातो, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, मला ते मान्य आहे. पण मग नमुना परवडत नाही असं सांगा, तसंच येईल असं का सांगता? रोज उद्या या, उद्या या. त्यात दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर.

सुटका झाली ती लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणाऱ्या एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे. त्यांची शाई दाट असते, खालचा कागद बराचसा झाकते. मी उलगडलेला एक रिकामा बॉक्स नेला. त्यांच्याकडे आधीच्या कामाची फ्रेम होती, तिच्यातून त्यांनी दोन पट्टे ओढले, एक नुसता गडद हिरवा आणि दुसरा आधी पांढरा देऊन त्यावर हिरवा. वाळल्यावर सावलीत बाहेर आणि दुकानातल्या ट्यूबखाली, दोन्हीकडे बघितले. पांढऱ्यावरचा जास्त उजळ होता, पण नुसता गडद हिरवाही क्राफ्टवर छान बसला होता आणि एकाच रंगाच्या पैशात होत होता. तिथेच निर्णय घेतला. बॉक्सवर एका हिरव्यात फक्त नाव छापायचं. कणीस, चिन्ह, घटक, तारखा हे सगळं पांढऱ्या क्रोमो स्टिकरवर. पांढऱ्यावर ठिपका हिरवाच दिसतो. पहिला गठ्ठा हातात आला तेव्हा मी अक्षरशः मिरवला!

स्टिकर ऑफसेटवर इतरांच्या कामासोबत एकाच शीटवर छापून घेतले तर स्वस्त पडतात, पण तिथे फक्त तुमच्यासाठी शाई कमीजास्त होत नाही. म्हणून कमी नगांसाठी मी डिजिटल घेतले आणि एक स्टिकर आधी काढून बघितला. चिन्हाचं माप त्यांच्यावर सोडू नका. लेबलची दर्शनी बाजू 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर गोलाचा व्यास किमान 3 मिलिमीटर लागतो आणि चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट. माझं लेबल 8 बाय 6 सेंटिमीटरचं आहे, म्हणजे त्यातच बसतं.

हो, आणि पसंत पडलेल्या छापाचा एक तुकडा छापणाऱ्याच्या सहीनिशी अंधाऱ्या कपाटात ठेवा. पुढच्या खेपेला फोटो पाठवून उपयोग नाही, हाच तुकडा शेजारी ठेवायचा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबचा उजेड चमकतो आणि मजकूर वाचता येत नाही, म्हणून मॅट घ्या. फक्त तारखेची जागा लॅमिनेशनशिवाय ठेवायला सांगा. लॅमिनेशनवर शिक्क्याची शाई वाळत नाही, बोट लागलं की पुसते.