बीजगणिताच्या पेपरची सकाळ

धाकट्याला परीक्षा केंद्रावर सोडून मी आत्ताच घरी परतले आहे. त्याचा आज दहावीच्या बीजगणिताचा पेपर आहे. सकाळी त्याला शुभेच्छा कोणत्या शब्दांत द्याव्यात, याचा विचार मी काल रात्रीपासून करत होते, कारण माझ्या स्वतःच्या दहावीच्या वेळी "तुला काय, तू पंचाण्णवच्या खाली येणारच नाहीस" हे कौतुकाने उच्चारलेले वाक्य प्रश्नपत्रिका हातात पडेपर्यंत माझ्या मानगुटीवर बसून राहिले होते.

साडेसात वाजता तो म्हणाला, "ताई, अंकगणिती श्रेढीच्या बेरजेचे सूत्र विचार ना." मी विचारले आणि तो गप्प झाला. काल संध्याकाळी याच सूत्रावरची सात-आठ उदाहरणे त्याने न अडखळता सोडवली होती, तेव्हा हे विसरणे नव्हते. आकडेमोड करताना एकेक पायरी तात्पुरती धरून ठेवण्यासाठी मनात जी थोडी जागा लागते, तीच जागा काळजीही व्यापते, आणि मग पाठ असलेले सूत्रही हाताशी येत नाही. अशा वेळी आणखी चार सूत्रे विचारली असती, तर ती भीती पक्की झाली असती. (आईच्या ओठांवर पुढचा प्रश्न आलेलाच होता, मी डोळ्यांनीच थांबवले.)

२०११ साली जेरार्डो रामिरेझ आणि शान बायलॉक यांनी 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला आठवला. परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटे मनातली धास्ती कागदावर उतरवणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली होती, आणि ज्यांना परीक्षेची भीती अधिक वाटते, त्यांना त्याचा फायदा विशेष झाला होता. मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि कोणीही वाचणार नाही असे वचन दिले. आधी त्याने तोंड वाकडे केले; मग मात्र पान भरले, घडी घातली आणि कागद स्वतःच्या कप्प्यात ठेवला. सूत्र लगेच आठवले असे काही झाले नाही, पण ते पुन्हा विचार असा हट्टही त्याने धरला नाही.

साडेदहाच्या आत त्याला केंद्रात पोहोचायचे होते. हॉल तिकीट आणि दोन पेने पाहून झाल्यावर फाटकापाशी मी एवढेच म्हटले, "चाळीस गुणांना दोन तास आहेत, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. येणारे उदाहरण आधी घे, अडलेल्यासाठी जागा सोड. तुला शुभेच्छा. सुटशील तेव्हा मी इथेच उभी असेन."

तो दोन पावले गेला आणि वळून म्हणाला, "पण पेपर कसा गेला, ते लगेच विचारायचे नाही." मी ते कबूल केले आहे.